बैठकीचा मशीननं केलेला सारांश कसा तपासायचा: चार निकषांचं सोपं रुब्रिक

सारांशात लिहिलं होतं, ‘निर्णय घेण्यात आला.’ ट्रान्स्क्रिप्टमध्ये प्रत्यक्षात शब्द होते, ‘बघू, जमलं तर करू.’ सारांश वाचायला इतका नीटनेटका होता की मी तो पुढे पाठवून दिला, आणि दोन जणांनी आठवडाभर राबून न ठरलेलं काम पूर्ण केलं. त्यानंतर मी नुसतं वाचून ‘छान आहे’ म्हणणं सोडलं आणि तपासणीसाठी एक छोटं रुब्रिक वापरायला लागलो. रुब्रिक म्हणजे निकषांचा तक्ता: कोणत्या गोष्टी पाहायच्या आणि कशाला किती गुण द्यायचे हे आधीच लिहून ठेवलेलं.

निकष चारच आहेत. व्याप्ती, म्हणजे महत्त्वाचं सगळं आलं का. अचूकता, म्हणजे जे आलं ते बैठकीत खरंच तसंच झालं का. आटोपशीरपणा, म्हणजे फुकटची वाक्यं किती. आणि उपयुक्तता, म्हणजे बैठकीला नसलेला माणूस हा सारांश वाचून योग्य ते पाऊल उचलेल का. प्रत्येकाला ० ते ३ गुण. दहापैकी गुण देऊ नका; सहा आणि सात यांत फरक काय हे कुणालाच सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही ते दुसऱ्या तपासनिसाशी जुळतही नाही.

तपासायला घेतलेला नमुना

पुढचं सगळं एकाच उदाहरणावर करू. एका ॲपच्या नव्या व्हर्जनसाठी चाळीस मिनिटांची बैठक झाली. त्यातला हा भाग:

[१२:१०] टीम लीड: मग नवं व्हर्जन १८ तारखेला काढायचं का?
[१२:१६] टेस्टर: पेमेंटच्या पानावर अजून दोन बग उघडे आहेत. ते बंद झाल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.
[१२:२५] डेव्हलपर: एक आजच होईल. दुसरा… बघतो, बहुतेक शुक्रवारपर्यंत.
[१२:३३] टीम लीड: ठीक आहे. १८ धरून चालू. पण शुक्रवारी दोन्ही बंद नसतील तर मग २५.
[१२:४१] सपोर्ट: ग्राहकांना मेल कधी पाठवायचा? तारीख पक्की झाल्याशिवाय नको ना?
[१२:४८] टीम लीड: बरोबर, शुक्रवारनंतरच. पण लिहून तयार ठेवा.
[१२:५५] सपोर्ट: हो, मसुदा गुरुवारपर्यंत देते.
[३१:०२] टेस्टर: जुन्या फोनवरही तपासायला हवं खरं तर.
[३१:०९] टीम लीड: हं, तपासायला हवं.
[३१:१२] डेव्हलपर: जुना फोन आपल्याकडे एकच आहे.

यानंतर विषय बदलला. आणि हा मशीननं दिलेला सारांश:

‘बैठकीत नव्या व्हर्जनबाबत सविस्तर चर्चा झाली. नवे व्हर्जन १८ तारखेला प्रकाशित करण्याचा निर्णय घेण्यात आला. पेमेंटच्या पानावरील दोन बग डेव्हलपर शुक्रवारपर्यंत दुरुस्त करेल. सपोर्ट टीम गुरुवारपर्यंत ग्राहकांना मेल पाठवेल. टेस्टर जुन्या फोनवर तपासणी करेल. एकूणच बैठक फलदायी ठरली.’

वाचताना काही खटकत नाही. खरी अडचण तीच आहे.

पहिली पायरी: सारांश झाकून ठेवा

आधी ट्रान्स्क्रिप्ट वाचा, सारांश उघडूच नका. एकदा सारांश वाचला की बैठकीत महत्त्वाचं काय होतं हे तोच तुम्हाला सांगायला लागतो. मग त्यानं गाळलेली गोष्ट तुमच्याही नजरेतून सुटते, कारण तिची वाट पाहणारं कुणी उरलेलं नसतं.

वाचता वाचता मुद्द्यांची यादी करा, प्रत्येक मुद्दा एका ओळीत. ज्या मुद्द्यावरून कुणाला काही करावं किंवा थांबवावं लागेल त्याला २ वजन, नुसती माहिती किंवा उघडा राहिलेला प्रश्न असेल तर १. आपल्या नमुन्याची यादी अशी होते:

अ. १८ तारीख धरून चालायचं. शुक्रवारी बग उघडे असतील तर २५. (२)
आ. पेमेंटचे दोन बग. एक आज, दुसरा बहुतेक शुक्रवारपर्यंत. (२)
इ. ग्राहकांना मेल शुक्रवारनंतरच, तारीख पक्की झाल्यावर. (२)
ई. मेलचा मसुदा सपोर्ट गुरुवारपर्यंत देणार. (२)
उ. जुन्या फोनवर तपासणी हवी. कुणी घेतली नाही, फोन एकच. (१)

मुद्द्यांना वजन देण्याची कल्पना माझी नाही. अनी नेंकोव्हा आणि रिबेका पासोन्नो यांनी २००४ मध्ये मांडलेल्या ‘पिरॅमिड’ पद्धतीत एकाच मजकुराचे सारांश अनेक माणसांकडून लिहून घेतात आणि जो मुद्दा जास्त जणांनी घेतला त्याला जास्त वजन देतात. रोजच्या कामात चार-पाच जणांकडून सारांश लिहून घेणं कुणाला परवडत नाही, म्हणून इथे वजन ठरवायला मी एकच प्रश्न ठेवला आहे: यावरून कुणी काही करणार आहे का?

लांब बैठक असेल तर मधल्या एक तृतीयांश भागाची यादी जरा सावकाश करा. सुरुवातीला विषय मांडले जातात आणि शेवटी कामं वाटली जातात, त्यामुळे ही दोन टोकं सारांशात सहसा येतात. मध्येच, दुसऱ्याच विषयावर बोलताना ठरून गेलेली गोष्ट मात्र हमखास हरवते.

दुसरी पायरी: व्याप्ती

आता सारांश उघडा आणि यादीतला एकेक मुद्दा त्यात शोधा. विषयाचं नाव आलं म्हणजे मुद्दा आला असं धरू नका. ‘मेलबद्दल चर्चा झाली’ या वाक्यात मेलबद्दल काय ठरलं ते नाही, म्हणून त्याला गुण नाही. उलट, मुद्दा आला आहे पण वाकडा आला आहे, तर व्याप्तीत तो ‘आला’ असंच मोजा. वाकडेपणाचा हिशेब पुढच्या निकषात होणारच आहे. एकाच चुकीचे गुण दोनदा कापायचे नाहीत.

गुण असे: वजन २ चे सगळे मुद्दे आले तर ३. त्यातला एक सुटला तर २. दोन किंवा जास्त सुटले तर १. बैठक ज्यासाठी होती तेच सुटलं तर ०.

आपल्या सारांशात ‘अ’, ‘आ’ आणि ‘उ’ आले आहेत. ‘ई’ही आला आहे, वाकड्या रूपात: गुरुवार आणि सपोर्ट दोन्ही आहेत, फक्त मसुद्याच्या जागी मेल आला आहे. ‘इ’, म्हणजे शुक्रवारआधी मेल पाठवायचा नाही हे मात्र कुठेच नाही. व्याप्ती २.

तिसरी पायरी: अचूकता

इथे दिशा उलटी करायची. आता सारांशातलं एकेक वाक्य घ्यायचं आणि त्याला आधार देणारी ओळ ट्रान्स्क्रिप्टमध्ये शोधायची. वाक्यापुढे वेळ लिहा. वेळ लिहिता येत नसेल तर त्या वाक्याला आधार नाही. हे कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळलं तर बाकीच्या तीन निकषांना काही अर्थ राहत नाही. ‘साधारण असंच बोलले होते’ या आठवणीवर विसंबू नका.

वाक्य १ आणि ६ बाजूला ठेवू, त्यात तपासण्यासारखं काही नाही. बाकीची चार पाहा.

वाक्य २: १८ तारखेचा निर्णय. १२:३३ ला टीम लीडनं १८ म्हटलं हे खरं, पण अट घालून. सारांशातून अट गेली. ही गाळलेली गोष्ट म्हणायची की चूक? माझा नियम असा: जे उरलं तेवढंच वाचून वाचकाची चुकीची समजूत होत असेल तर ती अचूकतेची चूक, समजूत अपुरी पण खरी राहत असेल तर ती व्याप्तीची उणीव. इथे वाचक १८ पक्की धरेल. म्हणून चूक, आणि गंभीर.

वाक्य ३: १२:२५. ‘बहुतेक’ गळला आणि अंदाजाचं वचन झालं. एक बग आजच होणार होता हेही गेलं, पण त्यानं कुणाचं नुकसान होत नाही. डेव्हलपर शुक्रवारपर्यंत तेच काम करणार आहे, म्हणून ही मी किरकोळ चूक धरतो. मात्र वाक्य २ मधली अट नेमकी याच ‘बहुतेक’मुळे आली होती हे ध्यानात असू द्या.

वाक्य ४: १२:४८ आणि १२:५५ या दोन ओळी एकत्र वितळल्या आहेत. गुरुवारी मसुदा द्यायचा होता, मेल शुक्रवारनंतर जायचा होता. सारांशावर विसंबून सपोर्टमधल्या दुसऱ्या कुणी गुरुवारी मेल पाठवला तर न ठरलेली तारीख ग्राहकांपर्यंत पोचेल. गंभीर.

वाक्य ५: ३१:०२. टेस्टर म्हणाला ‘तपासायला हवं’. ‘मी तपासतो’ असं कुणीही म्हणालं नाही. सूचना करणाऱ्याच्या गळ्यात काम घालणं ही या सारांशांची अगदी नेहमीची चूक आहे. ज्याच्या तोंडून विषय निघाला तोच ते करणार, असं मशीन गृहीत धरतं.

अचूकतेचे गुण: प्रत्येक वाक्याला आधार सापडला तर ३. फक्त किरकोळ चुका, म्हणजे कुणाच्याही कृतीत फरक न पाडणाऱ्या, तर २. एक गंभीर चूक तर १. दोन किंवा जास्त गंभीर, किंवा बैठकीत नसलेली गोष्ट रचलेली, तर ०. आपल्या सारांशाला ०.

या पायरीवर काही शब्दांपाशी नेहमी थांबा. आपल्या बोलण्यात ‘बघू’ हा होकार असतो, नकार असतो आणि नुसता विषय मिटवणंही असतं. ‘करायला हवं’ म्हणजे काम वाटलं गेलं असं नाही. दुसरा बोलत असताना मध्ये मध्ये येणारं ‘हो, हो’ म्हणजे ‘ऐकतोय’, संमती नव्हे. आणि ‘आपण’ तर फारच फसवा. ‘आपण ते करून टाकू’ यातला ‘आपण’ म्हणजे बोलणारा, समोरचा की सगळे, हे बैठकीतल्या माणसांना सुरावरून कळतं, कागदावर कळत नाही. सारांशात अशा जागी एखादी ठाम भूमिका किंवा एखाद्याचं नाव दिसलं की मूळ ओळ काढून पाहा. तसंच सारांशातल्या ‘निर्णय घेण्यात आला’, ‘ठरवण्यात आले’ या रचनांकडेही लक्ष ठेवा. त्यात कर्ता नसतो, त्यामुळे कुणीच न ठरवलेली गोष्टही ठरल्यासारखी दिसते.

एक गोष्ट वेगळी ठेवा. कधी कधी ट्रान्स्क्रिप्टच चुकलेलं असतं: ‘साठ’चं ‘सात’ होतं, किंवा एकाचं वाक्य दुसऱ्याच्या नावावर जातं. सारांश त्या चुकीशी प्रामाणिक राहिला तर त्याचे गुण कापू नका. गुणांच्या पत्रकात ‘ट्रान्स्क्रिप्टमधली चूक’ असा वेगळा रकाना ठेवून तिथे नोंद करा. आकडा, तारीख किंवा नकार विचित्र वाटला तर तेवढा ऑडिओ ऐका. दोन्ही चुका एकाच खात्यात टाकल्या की दुरुस्ती कुठे करायची हे कधीच कळत नाही.

चौथी पायरी: आटोपशीरपणा

इथे फार वेळ लागत नाही. प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून ते झाका आणि विचारा, काय गेलं? काहीच गेलं नाही तर ते वाक्य फुकटचं. आपल्या नमुन्यात पहिलं आणि शेवटचं वाक्य झाकलं तरी काही बिघडत नाही.

फुकटचं वाक्य नसेल तर ३, एक-दोन असतील तर २, निम्म्याच्या आसपास असतील तर १, बहुतेक तशीच असतील तर ०. आपल्याला २. मात्र शब्दसंख्येची मर्यादा निकष म्हणून ठेवू नका. तासाभराच्या एका बैठकीत तीनच गोष्टी ठरतात, दुसरीत अठरा. दोन्हींना एकच लांबी लावली तर दुसऱ्या सारांशातून अटी आणि नावं सगळ्यांत आधी गळतात, म्हणजे नेमकं जे राहायला हवं तेच.

पाचवी पायरी: उपयुक्तता

बैठकीला न आलेला एक माणूस डोळ्यांसमोर आणा. आपल्या उदाहरणात सपोर्टमधलीच दुसरी व्यक्ती. ट्रान्स्क्रिप्ट न उघडता तिला तीन प्रश्नांची उत्तरं मिळायला हवीत: काय ठरलं, कुणी काय कधीपर्यंत करायचं, आणि काय अजून उघडं आहे. तिन्ही मिळाली आणि त्यांवरून ती योग्य पाऊल उचलेल तर ३, दोन मिळाली तर २, एक तर १, नाहीतर ०.

तिसरा प्रश्न बहुतेक सारांश चुकवतात, कारण उघडे प्रश्न मिटवून टाकलेले वाचायला गोड लागतात. आपल्या सारांशात दोन गोष्टी उघड्या राहायला हव्या होत्या, तारीख आणि जुन्या फोनवरची तपासणी. दोन्ही बंद झाल्या आहेत. काय ठरलं तेही चुकीचं कळतं. डेव्हलपरला स्वतःचं काम कळतं, एवढ्यावर १.

सहावी पायरी: बेरीज करू नका

व्याप्ती २, अचूकता ०, आटोपशीरपणा २, उपयुक्तता १. बेरीज ५. आता हा दुसरा सारांश पाहा: ‘नव्या व्हर्जनची तारीख, बग आणि मेल यांवर बोलणं झालं.’ हे अगदी खरं आहे, म्हणून अचूकता ३. मुद्दा एकही नाही, व्याप्ती ०. आटोपशीरपणाला उदारपणे २, उपयुक्तता ०. बेरीज पुन्हा ५. पण पहिला सारांश वाचून कुणीतरी चुकीचा मेल पाठवेल, दुसरा वाचून फार तर वैतागून ट्रान्स्क्रिप्ट उघडेल. या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

म्हणून अचूकतेला मी फाटक मानतो. ती ० किंवा १ असेल तर सारांश परत. बाकीचे गुण कितीही असोत. २ किंवा ३ असेल तरच उरलेले तीन पाहायचे, तेही वेगवेगळे लिहून.

हाच धोका शब्द मोजणाऱ्या आपोआप मापांतही आहे. चिन-यू लिन यांनी २००४ मध्ये मांडलेलं ‘रूज’ हे माप माणसाच्या सारांशातले शब्द मशीनच्या सारांशात किती आले ते मोजतं. ‘मेल शुक्रवारनंतर पाठवायचा’ आणि ‘मेल शुक्रवारआधी पाठवायचा’ यांत एकच शब्द वेगळा आहे, त्यामुळे पूर्ण सारांशाचे गुण थोडेच घटतात आणि अर्थ मात्र उलटा होतो. शेकडो सारांशांची ढोबळ तुलना करायला असं माप ठीक आहे. एक सारांश पुढे पाठवावा की नाही, हे त्यावरून ठरवू नका.

सातवी पायरी: दुसरा तपासनीस

पहिले दहा सारांश दोघांनी स्वतंत्रपणे तपासा, एकमेकांचे गुण न पाहता. दोन वेगवेगळ्या मशीनचे सारांश असतील तर कुणाचा कोणता हे झाकून ठेवा आणि क्रम बदलत राहा. नाहीतर आधी वाचलेल्याची छाप दुसऱ्यावर पडते. मग निकषानुसार किती ठिकाणी गुण जुळले ते मोजा. नुसती टक्केवारी थोडी फसवी असते, कारण बहुतेक सारांशांना २च मिळत असतील तर दोघे डोळे झाकूनही बऱ्याचदा जुळतील. योगायोगाचा हा वाटा वजा करण्यासाठी कोहेनचा कॅपा नावाचं माप आहे, पण दहा सारांशांवर ते फार डळमळतं. सुरुवातीला जिथे गुण जुळले नाहीत त्या जागा समोरासमोर बसून पाहणं जास्त कामाचं.

याच नमुन्यावर माझं आणि एका सहकारी ताईंचं वाक्य ५ वरून जुळलं नाही. मी ती किरकोळ चूक धरली होती. शेवटी तपासणी टेस्टरकडेच जाणार, मग बिघडलं काय? ताई म्हणाल्या, ‘अहो, फोन एकच आहे हे डेव्हलपरनं का सांगितलं? तो फोन त्याच्याकडे आहे. टेस्टरला वाटेल फोन मिळणार, डेव्हलपरला वाटेल काम दुसऱ्यानं घेतलं, आणि तपासणी होणारच नाही.’ मी ३१:१२ ची ओळ पुन्हा वाचली आणि माझे गुण बदलले. त्या दिवशी आम्ही पत्रकात अचूकतेच्या खाली एक ओळ वाढवली: ‘कुणीही न स्वीकारलेलं काम कुणाच्या नावावर दाखवलं असेल तर ती चूक नेहमी गंभीर धरावी.’ पुढच्या दहा सारांशांत त्या जागी आमचे गुण एकदाही वेगळे आले नाहीत.